आठव्या आठवड्यातले ९४

गर्भारपणातल्या पहिल्या तपासणीत रक्ताचे जे रिपोर्ट येतात, त्यात उपाशीपोटीच्या साखरेची एक ओळ असते. तिच्यासमोर बाईचा आकडा आणि त्याच्या शेजारी लॅबने छापलेली हद्द : ७० ते १००. आकडा या दोन टोकांच्या आत असला की घरचे रिपोर्ट घडी घालून फाइलमध्ये ठेवतात. ६८ आला, तर त्यापुढे इंग्रजीतला ‘कमी’चा खुणेचा एल उमटतो आणि घरात धावपळ सुरू होते. साखर कमी झालीय म्हणून सासूबाई शिरा करायला घेतात, कुणी रोज सकाळी गूळपाणी द्यायला सांगतं.

गंमत अशी, की या दोन आकड्यांत ६८ बहुतेक वेळा निरोगी असतो आणि दोनदा पाहायला हवा तो ‘नॉर्मल’मध्ये बसलेला ९४. छापलेली हद्द खोटी नसते. ती गरोदर नसलेल्या माणसांची असते, स्त्री-पुरुष सगळ्यांची मिळून. लॅबच्या संगणकाला बाई आठव्या आठवड्यात आहे हे ठाऊक नसतं आणि ठाऊक असलं तरी तो वेगळी हद्द छापेलच असं नाही. (या लेखातले साखरेचे सगळे आकडे एका डेसिलिटर रक्तद्रवातले मिलिग्रॅम आहेत, म्हणजे रिपोर्टवर असतात तेच.)

गर्भधारणा झाल्यावर उपाशीपोटीची साखर खाली येते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. किती आणि कधी, हे मात्र नीट मोजावं लागलं. अमेरिकेत जेम्स मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेह नसलेल्या ३६१ गरोदर स्त्रियांची साखर आठवड्यांमागून आठवडे तपासली आणि १९९८ साली निष्कर्ष मांडले. सहाव्या ते दहाव्या आठवड्यात साखर खाली येते, पण ती घट दोनेक मिलिग्रॅमच असते. त्यानंतर तिसऱ्या तिमाहीपर्यंत फारशी आणखी उतरत नाही. दोन मिलिग्रॅम ऐकायला नगण्य वाटतात. पण ही मधली घट आहे, म्हणजे कुणाची जास्त, कुणाची कमी. शिवाय गर्भधारणेच्या आधीची पातळी क्वचितच कुणी मोजून ठेवलेली असते, त्यामुळे सहाव्या आठवड्यापूर्वी जे काही घडून गेलं ते या मोजमापात येत नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : वजन जितकं जास्त, तितकी घट कमी. लठ्ठपणा असलेल्या स्त्रियांमध्ये ती दिसलीच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता घट का होते? याचं उत्तर घरोघरी तयार असतं : बाळ साखर घेतं. बाळ साखर घेतं हे खरंच आहे. गर्भाचं मुख्य इंधन ग्लुकोज असतं, ते आईच्या रक्तातून वारेमार्फत त्याच्याकडे जातं आणि आईच्या रक्तात जितकी साखर जास्त तितकी ती जास्त पलीकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र वार ओलांडून जात नाही. दिवस भरत आले की तीन किलोचं बाळ दिवसाला अंदाजे वीस ते पंचवीस ग्रॅम ग्लुकोज वापरतं आणि वार स्वतःसाठी वापरते ते वेगळं.

पण हा हिशेब नवव्या महिन्याचा झाला. साखर उतरते दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस आणि तिसऱ्यात. दहाव्या आठवड्यातला गर्भ जेमतेम चार-पाच ग्रॅमचा असतो. एवढासा जीव आईच्या पाच लिटर रक्तातली साखर ओढून खाली आणेल, हे गणितात बसत नाही. बाळाला साखर जास्त लागू लागण्याच्या किती तरी आधी आईचं शरीर पातळी खाली आणून ठेवतं.

दुसरं नेहमीचं उत्तर पातळपणाचं आहे. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग वाढत जातो. शेवटापर्यंत तो जवळजवळ दीडपट होतो, म्हणून तर हिमोग्लोबिन उतरलेलं दिसतं. तशीच साखरही पातळ होत असेल, असं हे उत्तर सांगतं. पण हिमोग्लोबिन आणि साखर यांत फरक आहे. लाल पेशी नव्या तयार व्हायला दिवस लागतात. साखरेचं तसं नाही, यकृत रात्रभर ती रक्तात सोडत असतं आणि पातळी जरा खाली गेली की जास्त सोडतं. रक्तद्रव वाढला तर यकृताने थोडी जास्त साखर सोडून पातळी पूर्ववत करायला काहीच हरकत नव्हती. शिवाय लठ्ठ स्त्रियांचाही रक्तद्रव वाढतोच, मग त्यांची साखर का उतरत नाही? पातळपणाचा थोडा हात असेल, पण सगळं त्याच्या माथी मारता येत नाही.

मग उरतं इन्सुलिन. पहिल्या तिमाहीत स्वादुपिंड जेवणाला जास्त जोरात प्रतिसाद देऊ लागतं, तेवढ्याच साखरेला आधीपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं. पुढे वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना आणखी कामाला लावतात. इन्सुलिनला होणारा विरोध मात्र या काळात अजून वाढलेला नसतो. म्हणजे पुरवठा वाढलेला आणि अडथळा जुनाच. यकृताला साखर सोडू नकोस असं सांगणारा हुकूम जरा जोरात जातो आणि सकाळची पातळी खाली येते.

एवढ्यावर विषय संपला असता, पण टाइप वन मधुमेहाच्या स्त्रियांनी त्यात एक पाचर मारली आहे. त्यांचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवतच नाही, सगळं इन्सुलिन बाहेरून टोचावं लागतं. तरीही साधारण नवव्या ते सोळाव्या आठवड्यात त्यांचा डोस बहुधा कमी करावा लागतो आणि साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग त्यांना पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक येतात. त्यांच्या बाबतीत ‘स्वादुपिंड जास्त सोडतं’ हे कारण लागूच पडत नाही. तेव्हा शरीर या काळात इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागतं, असं मानायला जागा आहे. उलट्या आणि अन्नावरची वासना उडणं हेही कारण आहेच, पण मळमळ न झालेल्या बायकांचीही साखर उतरते. माझ्या मते या साऱ्याला एकच एक कारण शोधण्याचा हट्ट सोडावा. वजनाचा धागा तेवढा या स्पष्टीकरणाशी जुळतो : जिच्या शरीराचा इन्सुलिनला आधीपासून विरोध आहे, तिथे थोडं जास्त इन्सुलिन आलं तरी सकाळची पातळी हलत नाही.

दुसऱ्या तिमाहीच्या मध्यावर वारं उलटं फिरतं. वार मोठी होते, तिची संप्रेरकं आणि इतर रसायनं आईच्या स्नायूंना आणि चरबीला इन्सुलिनचं ऐकेनासं करतात. दिवस भरेपर्यंत शरीराची इन्सुलिनला मिळणारी दाद निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. निरोगी बाईचं स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवून तोल सांभाळतं. ज्या बाईच्या स्वादुपिंडाला हे झेपत नाही, तिला गर्भारपणातला मधुमेह होतो. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात तपासणी करतात ती याच कारणाने. त्या सुमाराला हा विरोध दिसण्याइतका वाढलेला असतो आणि उपचाराला अजून वेळही हाताशी असतो.

मग उपाशीपोटीची साखरही वर जायला हवी ना? निरोगी गर्भारपणात ती खालीच राहते. जेवणानंतरची पातळी तेवढी पूर्वीपेक्षा वर जाते आणि उतरायला वेळ घेते. दिवसा आणि रात्री दोन वेगळे कारभार चालतात. जेवणानंतर आईचं शरीर साखर पटकन आत घेत नाही, ती रक्तात रेंगाळते, बाळाला मिळते. रात्री जेवण नसतं, पण बाळाचं घेणं थांबत नाही, आणि आता बाळ चार ग्रॅमचं राहिलेलं नसतं. आता कुठे ते घरोघरचं उत्तर लागू पडतं.

शेवटच्या तिमाहीतल्या या रात्रीचा एक सुंदर प्रयोग शिकागोच्या नॉर्बर्ट फ्रेंकेल यांच्या गटाने केला होता. बॉइड मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी तो १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दिवस भरत आलेल्या निरोगी स्त्रियांना रात्रीच्या जेवणानंतर सकाळची न्याहारी न देता दुपारपर्यंत उपाशी ठेवलं आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांशी तुलना केली. एरवी त्या काही तासांत काही बिघडत नाही. गरोदर स्त्रियांची साखर मात्र उतरत गेली आणि चरबी जाळल्यावर तयार होणारी कीटोनं वाढली. बाकीच्यांना जे दीड-दोन दिवसांच्या उपासाने होतं, ते यांना एक न्याहारी चुकल्याने होऊ लागतं. फ्रेंकेल यांनी याला वेगाने येणारी उपासमार असं नाव दिलं. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, नवरात्र, हरतालिका हे सगळं सातव्या-आठव्या महिन्यातही निष्ठेने करणाऱ्या बायका आहेत. सकाळभर निर्जळ आणि दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी हा प्रकार या काळात दोन्ही अंगांनी गैरसोयीचा. आधी साखर खूप उतरते आणि मग पिष्टमय पदार्थाने एकदम उसळते. याच कारणाने तपासणीसाठी ‘उपाशी या’ म्हणजे आठ ते दहा तास, लॅब दहाला उघडते म्हणून चौदा तास नव्हे.

आता आकड्यांकडे येऊ. निरोगी, वजन बेताचं असलेल्या गरोदर स्त्रियांवर झालेले बारा अभ्यास टेरी हर्नांडेझ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली एकत्र केले. त्यातल्या स्त्रिया सरासरी चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास होत्या. त्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी ७१ होती, आणि बहुतेकींची ५५ ते ८७ या टप्प्यात. त्या ६८ ला आता कुणी एल लावू नये. हे आकडे बोटातल्या रक्ताचे आणि त्वचेखालच्या सेन्सरचेही आहेत. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत मोजलं की आकडे काहीसे वर दिसतात. नऊ देशांतल्या पंधरा केंद्रांवर पंचवीस हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांचा ‘हापो’ नावाचा अभ्यास झाला, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात चोविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यातली सरासरी ८१ निघाली.

हापोमधूनच पुढे सर्वत्र पसरलेला ९२ हा आकडा आला. तो कसा ठरला हे माहीत असलं की बरेच गैरसमज टळतात. बाईची साखर जितकी जास्त तितकं बाळ मोठं, त्याच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनच्या खुणा जास्त आणि अंगावर चरबी जास्त, अशी सरळ चढण त्या अभ्यासात दिसली. कुठेही पायरी नव्हती, जिच्या अलीकडे निर्धास्त आणि पलीकडे संकट. पण दवाखान्यात रेघ तर ओढायला हवी. २०१० साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलं, की सरासरी साखरेच्या तुलनेत या तीन गोष्टींची शक्यता पावणेदोनपट होते त्या जागी रेघ ओढू. उपाशीपोटी तो आकडा ९२ आला, पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर तासाने १८० आणि दोन तासांनी १५३. म्हणजे ९२ ही निरोगी स्त्रियांची नैसर्गिक हद्द नाही. माणसांनी विचार करून, थोडी घासाघीस करून ओढलेली ती रेघ आहे, आणि तीही सहाव्या-सातव्या महिन्यातल्या रक्तावरून.

मग गडबड झाली ती पुढच्या पावलाला. तीच रेघ पहिल्या भेटीलाही लावा असं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली म्हटलं, की गरोदरपणात केव्हाही ९२ ते १२५ आलं तर तो गर्भारपणातला मधुमेह. पण सहाव्या आठवड्यात पातळी अजून उतरायची आहे! चीनमध्ये त्याच वर्षी सतरा हजारांहून अधिक स्त्रियांचे पहिल्या भेटीचे आकडे तपासून पाहिले गेले. पहिल्या भेटीला ९२ ते १०० च्या दरम्यान आलेल्यांपैकी शंभरात सदतीस जणींनाच पुढे पूर्ण चाचणीत मधुमेह निघाला. ११० ते १२६ च्या दरम्यान आलेल्यांत ते प्रमाण सहासष्ट होतं. त्या आंतरराष्ट्रीय गटातल्याच काही जणांनी पुढे २०१६ साली कबूल केलं, की पहिल्या तिमाहीत ९२ ची रेघ लावायला पुरेसा आधार नाही. १२६ आणि त्यावर मात्र वाद नाही. तो आधीपासूनचा, नुकताच उघडकीला आलेला मधुमेह समजतात.

दोन्ही बाजूंना तथ्य आहे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा तीस वर्षांची एक बाई, वजन उंचीच्या मानाने बरंच जास्त, पाळी पूर्वी अनियमित, आईला मधुमेह. आठव्या आठवड्यात उपाशीपोटी ९४. लॅबच्या हद्दीत नॉर्मल, जागतिक संघटनेच्या रेघेने मधुमेह. पहिला प्रश्न, रक्त किती वाजता घेतलं आणि मोजलं कधी? नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. गावातून सकाळी घेतलेलं रक्त तालुक्याच्या लॅबला दोन तासांनी पोचलं तर ९४ चे ८३ होऊन जातात आणि कुणाला कळतही नाही. करड्या झाकणाच्या नळीत ही घसरण थांबवणारं फ्लोराइड असतं, पण त्याचाही परिणाम पूर्ण व्हायला वेळ लागतो. म्हणून रक्त लवकर फिरवून द्रव वेगळा करणं हेच खरं. गर्भारपणातली खरी घट दोन-तीन मिलिग्रॅमची आणि नळीतली दहाची, हे प्रमाण पाहिलं की ‘कधी मोजलं’ हा प्रश्न किती नेमका आहे ते कळतं. घरच्या ग्लुकोमीटरवर ९१ की ९३ याचा वाद घालण्यात तर अर्थच नाही. त्या यंत्राला यापेक्षा कितीतरी मोठी चूक अधिकृतपणे माफ असते.

समजा मोजमाप नीट झालं आणि ९४ खरंच ९४ आहेत. आता तिचं वजन पाहायला हवं. सडपातळ बाईचे आठव्या आठवड्यातले ९४ पुढच्या तीन-चार आठवड्यांत उतरण्याची शक्यता बरी असते. हिचे उतरण्याची आशा कमी, कारण लठ्ठपणात ती घट होतच नाही. साखर कमी-जास्त करणारं मधुमेहाचं औषध लगेच सुरू करण्याची गरज नाही, पण ‘नॉर्मल’ म्हणून फाइलमध्ये टाकायचीही नाही. सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासून जुना मधुमेह नाही ना ते पाहायचं, जेवणाची घडी बसवायची, घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर पाहायची आणि पूर्ण ग्लुकोज चाचणीसाठी चोविसावा आठवडा उजाडण्याची वाट पाहायची नाही असं बरेच डॉक्टर ठरवतील. बाराव्या आठवड्यात पुन्हा ९३ आले तर तो कल पक्का झाला. ८६ आले तर थोडा श्वास घ्यायचा, पण सहाव्या महिन्यातली चाचणी चुकवायची नाही.

अशा स्त्रियांना लवकर उपचार देऊन फायदा होतो का, हे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि भारतातल्या रुग्णालयांनी मिळून पाहिलं, निकाल २०२३ साली आले. विसाव्या आठवड्याआधी साखर जास्त आढळलेल्या, मधुमेहाचा धोका असलेल्या सुमारे आठशे स्त्रियांपैकी काहींना लगेच उपचार दिले, बाकीच्यांना वाट पाहायला लावलं. बाळाला जन्मताना काही ना काही त्रास होण्याचं प्रमाण ३०.५ टक्क्यांवरून २४.९ टक्क्यांवर आलं. फायदा आहे, माफक आहे. आणि उपचार न दिलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणींना पुढच्या चाचणीत मधुमेह निघालाच नाही.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात मात्र उपाशीपोटीचा आकडा बहुधा काढतच नाहीत. भारताच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर बाई पहिल्यांदा आली की, जेवलेली असो वा नसो, पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज तीनशे मिलीलिटर पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायला देतात आणि दोन तासांनी साखर पाहतात. १४० किंवा त्यावर आली तर गर्भारपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात. पहिल्या वेळी ठीक निघाली तर चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा. एसटी पकडून वीस किलोमीटरवरून येणाऱ्या बाईला ‘उद्या उपाशी या’ म्हटलं की ती पुन्हा येईलच याची खात्री नसते, हा व्यवहार यामागे आहे. या पद्धतीवर टीकाही होते, उपाशीपोटी मोजलं नाही म्हणून काही जणी निसटतात असं म्हणतात. पण उपाशीपोटीच्या आकड्यावर सगळा भार टाकणंही आपल्याकडे धोक्याचं. हापोमध्ये बँकॉक आणि हाँगकाँगला मधुमेह निघालेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा उपाशीपोटीच्या आकड्यावर सापडला, बार्बाडोसला जवळजवळ तीनचतुर्थांश. आशियाई स्त्रियांत जेवणानंतरची उसळी आधी दिसते, सकाळचा आकडा बराच काळ शहाण्यासारखा वागत राहतो. तेव्हा खाजगी लॅबमध्ये उपाशीपोटी ८२ आले म्हणून कुणी ग्लुकोज प्यायला नकार देत असेल, तर तिला सांगायचं, की ८२ तुझ्या रात्रीबद्दल बोलतात, दुपारच्या जेवणानंतर काय होतं ते त्यांना माहीत नाही.